१३७ कामांचा बॅकलॉग आणि तोंडावर आलेला बेदाण्याचा सीझन: इम्पॅक्ट-एफर्टचे गुण कसे द्यावेत

सांगलीत आमची छोटी टीम बेदाण्याच्या अडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर करते. चार डेव्हलपर, एक टेस्टर आणि ग्राहकांचे फोन घेणारे दोघं. त्या दोघांतली एक मी होते. एका डिसेंबरमध्ये मला प्रॉडक्ट ओनर केलं, म्हणजे कोणतं काम आधी ते ठरवायचं माझ्याकडे आलं, आणि बाकी कामांची १३७ ओळींची एक शीट, म्हणजेच बॅकलॉग, हाती आली. फेब्रुवारीत नवा बेदाणा बाजारात येऊ लागतो, म्हणजे हातात सात आठवडे होते, दोन-दोन आठवड्यांचे तीन स्प्रिंट. प्रत्येक कामाच्या इम्पॅक्टला, म्हणजे उपयोगाला, आणि एफर्टला, म्हणजे लागणाऱ्या मेहनतीला, गुण देऊन त्या सात आठवड्यांत बॅकलॉग कसा लावला ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुमचं प्रॉडक्ट वेगळं असेल, पण पायऱ्या ह्याच राहतील.

बेदाण्याचा व्यवहार माहीत नसलेल्यांसाठी दोन वाक्यं. सौद्यात नमुन्याच्या पेट्या फोडून माल दाखवतात, खरेदीदार बोली लावतात, भाव ठरतो आणि वजन होतं. मग हमाली, तोलाईसारखे खर्च वजा करून दुकानाचे दिवाणजी शेतकऱ्याच्या नावाने पट्टी काढतात. शेतकरी त्या पट्टीची वाट बघत दुकानात बसलेला असतो, म्हणून आमच्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा सौदा संपल्यानंतरच्या दोन तासांत होते.

गुण देण्याआधी चाळण

१३७ कामांना गुण द्यायला बसू नका. आठवडा जाईल आणि शेवटच्या शंभर आकड्यांना काही अर्थ उरणार नाही. आधी चाळण लावा.

पहिल्यांदा एकाच दुखण्याच्या वेगवेगळ्या ओळी एकत्र करा. आमच्याकडे "पट्टी उशिरा निघते", "प्रिंट स्लो आहे" आणि "पट्टी फास्ट करा" अशा ओळी वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षी लिहिल्या होत्या. एकत्र करताना मूळ मागणी कोणाची होती ते खोडू नका. पुढे इम्पॅक्ट ठरवताना तेच उपयोगी पडतं.

मग वर्षापेक्षा जुन्या आणि कोणी मागितल्या ते कोणालाच आठवत नाही अशा ओळी वेगळ्या पानावर हलवा. पुसू नका, फक्त नजरेआड करा. खरी गरज असेल तर ती मागणी पुन्हा येतेच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पट्टीची बेरीज चुकवणाऱ्या किंवा पैशाचा आकडा खोटा दाखवणाऱ्या चुकांना गुण द्यायचेच नाहीत. त्या थेट दुरुस्तीला जातात. शेतकऱ्याच्या हातातला आकडा चुकीचा असेल तर ते काम "मराठी फॉन्ट"शी स्पर्धा करत रांगेत उभं राहता कामा नये.

चौथं म्हणजे तारीख बांधलेली कामं. १ एप्रिलला आर्थिक वर्ष बदलतं आणि आमच्या दुकानांची बिलांची नवी मालिका सुरू होते. ते काम ३० मार्चला झालं तर उपयोगाचं, ५ एप्रिलला झालं तर नाही. अशा कामाचा इम्पॅक्ट किती हा प्रश्नच चुकीचा आहे. ते कॅलेंडरवर लिहायचं आणि तिथून उलटं मोजायचं: दोन दुकानांत आठवडाभर चालवून बघायचं, त्याआधी आठवडाभर बांधायचं, म्हणजे मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात ते हातात घ्यायलाच हवं.

एवढं झाल्यावर आमच्याकडे ४१ कामं उरली.

एकच उद्देश, आणि त्यावरच इम्पॅक्ट

"इम्पॅक्ट" हा शब्द मोकळा सोडला की प्रत्येक जण त्यात आपला अर्थ भरतो. विक्रीवाल्याला नवा ग्राहक दिसतो, डेव्हलपरला जुना कोड स्वच्छ झालेला दिसतो, फोन घेणाऱ्याला कमी झालेले फोन दिसतात. मग तिघंही त्याच कामाला आठ, दोन आणि पाच देतात आणि आपण त्याची सरासरी काढून समाधान मानतो. ती सरासरी कशाचीच नसते.

म्हणून आधी या तीन महिन्यांचा एकच उद्देश लिहा, मोजता येईल असा. आमचा होता: सौदा संपल्यापासून शेवटची पट्टी निघेपर्यंतचा वेळ कमी करायचा. मालकांशी बोलून तो पक्का केला आणि शीटच्या पहिल्या ओळीत लिहिला.

मग इम्पॅक्टची मापं लिहिली. १, २, ३, ५ आणि ८ असे पाचच आकडे घेतले. दहापैकी गुण दिले तर सहा की सात यावर अर्धा तास वाद होतो. तीन आणि पाच यांतला फरक मात्र माणसाला सांगता येतो. आठ म्हणजे बहुतेक दुकानांत, दर सौद्याला, पट्टी अडते. पाच म्हणजे बहुतेक दुकानांत पट्टी निघते, पण दिवाणजींना दर वेळी हाताने काहीतरी जास्तीचं करावं लागतं. तीन म्हणजे हाच त्रास, पण थोड्याच दुकानांत किंवा अधूनमधून. दोन म्हणजे पट्टीच्या वेळेशी दुरून संबंध. एक म्हणजे दिसायला बरं, बाकी काही नाही.

प्रत्येक आकड्यासमोर "कशावरून" असा एक रकाना ठेवा आणि त्यात पुरावा लिहा. "ग्राहकांना हवं आहे" हा पुरावा नाही. "तीन महिन्यांच्या फोनवहीत इतके फोन, इतक्या दुकानांतून" हा पुरावा आहे. रकाना रिकामा असेल तर इम्पॅक्ट तीनच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा नियम आम्ही केला. त्या एका नियमाने बैठकीतला निम्मा आवाज शांत झाला.

फोनवही माझ्या हातची होती, त्यामुळे मला वाटलं होतं की इम्पॅक्ट मला पाठच आहे. तरी एका सौद्याच्या दिवशी मार्केट यार्डातल्या एका दुकानात दुपारपासून दिवाणजींच्या शेजारी जाऊन बसले, आणि दोन आकडे तिथेच बदलले.

पहिला, "नेट गेलं तरी चालायला हवं". फोनवहीत ही तक्रार खूप होती, मी तिला आठ दिले होते. त्या दुपारी नेट खरंच गेलं. दिवाणजींनी शांतपणे वही ओढली, दहा मिनिटं कागदावर लिहिलं आणि नेट आल्यावर भरून टाकलं. मी विचारलं, "काका, असं रोज होतं का?" ते म्हणाले, "ताई, आठवड्यात एखाद्या वेळी. फोन करतो कारण तेव्हा राग येतो. पण पट्टी कधी थांबत नाही त्यापायी." आठाचे तीन झाले.

दुसरी गोष्ट फोनवहीत एकदाही आलेली नव्हती. दिवाणजी प्रत्येक पट्टीवर हमालीचा आणि तोलाईचा दर नव्याने टाइप करत होते. तोच दर, पट्टीमागून पट्टी. मध्ये एकदा शून्य जास्त पडलं, ते त्यांनी पकडलं, पट्टी रद्द केली, परत काढली. त्यांच्या लेखी तो कामाचाच भाग होता, त्यामुळे तक्रार करण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. "खर्चाचे दर एकदाच भरून सगळ्या पट्ट्यांना लावणे" ही ओळ मी त्या संध्याकाळी शीटमध्ये नव्याने लिहिली, इम्पॅक्ट पाच.

लोक सवयीच्या त्रासाची तक्रार करत नाहीत, अचानक आलेल्या त्रासाची करतात. म्हणून नुसत्या तक्रारी मोजून इम्पॅक्ट काढला तर रोजचा त्रास कमी दिसतो आणि क्वचितचा मोठा दिसतो. गुण देण्याआधी एक पूर्ण दिवस वापरणाऱ्या माणसाजवळ बसा. मागणी करणारा आणि वापरणारा वेगळा असेल, जसे दुकानाचे मालक आणि दिवाणजी, तर वापरणाऱ्याजवळ बसा.

एफर्टचा आकडा डेव्हलपरांचा

स्प्रिंटमध्ये काम करण्याच्या स्क्रम पद्धतीची पुस्तिका म्हणजे स्क्रम गाइड. तिच्या २०२० च्या आवृत्तीत दोन गोष्टी स्पष्ट आहेत: प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नव्हे, आणि कामाचा आकार तेच ठरवतात जे ते काम करणार आहेत. बॅकलॉगचा क्रम तुमच्या हातात, एफर्टचा आकडा त्यांच्या. नव्या माणसाला मोह होतो की "एवढंसं तर आहे" म्हणून आपणच दोन लिहून टाकावेत. तेवढं करू नका.

एफर्टलाही तेच पाच आकडे वापरा, पण दिवसांत मागू नका. टीमने आधी केलेली दोन-तीन कामं मापाला घ्या. आमच्याकडे "रिपोर्टमध्ये एक रकाना वाढवला" हे दोन आणि "शेतकऱ्याला एसएमएस" हे पाच. नवं काम यांच्यातल्या कोणाजवळ बसतं एवढंच विचारायचं. प्रत्येकाने आकडा कागदावर लिहायचा आणि सगळ्यांनी एकदम दाखवायचा, नाहीतर सीनियरने तोंड उघडलं की बाकीचे त्याच्याच आकड्याला येऊन बसतात.

आकडे जुळले तर पुढे जा. जुळले नाहीत तिथे थांबा, कारण कोणीतरी असं काही पाहिलेलं असतं जे बाकीच्यांना दिसलेलं नाही. "पट्टीवर शेतकऱ्याचं नाव मराठीत" याला एकाने एक दिला, दुसऱ्याने आठ. आठ देणारा म्हणाला, "बऱ्याच दुकानांत अजून डॉट मॅट्रिक्स आहेत. तो प्रिंटर टेक्स्ट मोडमध्ये स्वतःच्या अक्षरसंचातूनच छापतो. मराठी जोडाक्षरं हवीत तर अख्खी पट्टी चित्र म्हणून पाठवावी लागेल, आणि मग छपाई संथ होईल." म्हणजे पट्टी लवकर निघावी म्हणून चाललेल्या खटाटोपात हे काम पट्टी उशिरा काढणार होतं. आम्ही ते तोडलं: लेझर प्रिंटरवाल्या दुकानांपुरतं आत्ता, एफर्ट दोन. डॉट मॅट्रिक्सचं वेगळं, नंतर.

एफर्टमध्ये फक्त कोड धरू नका. टेस्टिंग, जुना डेटा हलवणं, दुकानात जाऊन शिकवणं आणि पहिल्या आठवड्यातले फोन हेही मोजा. आमचे पहिले अंदाज कमी निघाले ते बहुतेक वेळा ह्याच कारणाने. आणि आठ आलेलं काम तसंच स्प्रिंटमध्ये घेऊ नका, तोडा.

भागाकार, आणि त्यात दडलेला घोटाळा

आता इम्पॅक्टला एफर्टने भागायचं. शीटमध्ये B मध्ये इम्पॅक्ट, C मध्ये एफर्ट. त्याच्या पुढे आणखी दोन रकाने ठेवा: E मध्ये इम्पॅक्ट एक पायरी खाली, F मध्ये एफर्ट एक पायरी वर. एकाच्या खाली पायरी नाही म्हणून तिथे एकच ठेवा, आणि आठाच्या वर तेरा धरा. हा वाईट अंदाज.

```
D2: =B2/C2
G2: =E2/F2
```

आमच्या ४१ पैकी सात ओळी अशा निघाल्या:

| काम | इम्पॅक्ट | एफर्ट | गुण | वाईट अंदाज |
|---|---|---|---|---|
| खर्चाचे दर एकदाच भरणे | ५ | २ | २.५ | १.० |
| एका लॉटचे दोन खरेदीदार | ८ | ५ | १.६ | ०.६३ |
| पट्टीवर मराठी नाव, लेझरवर | ३ | २ | १.५ | ०.६७ |
| व्हॉट्सॲपवर पट्टी | ५ | ५ | १.० | ०.३८ |
| पट्टीवर दुकानाचा लोगो | १ | १ | १.० | ०.५ |
| मालकांसाठी मोबाइल डॅशबोर्ड | २ | ५ | ०.४ | ०.१३ |
| नेटशिवाय नोंद | ३ | ८ | ०.३८ | ०.१५ |

लोगो आणि व्हॉट्सॲपची पट्टी बघा. दोघांना गुण १.०. वाईट अंदाजात तर लोगो पुढे जातो. भागाकाराचा हा स्वभावच आहे, एकाला एकने भागलं काय आणि पाचला पाचने भागलं काय, उत्तर तेच. त्यावर विसंबलात तर तुमचे स्प्रिंट लोगो, रंग आणि बटणांनी भरतील, यादी झपाझप संपतेय असं वाटेल आणि पट्टी पूर्वीइतकीच उशिरा निघेल. दोन स्प्रिंट झाल्यावर पूर्ण झालेल्या कामांचा इम्पॅक्ट बघा. बहुतेक एक-दोनच असतील तर तुम्ही ह्याच घोटाळ्यात आहात. आमचा नियम: इम्पॅक्ट एक किंवा दोन असेल तर त्या कामाला भागाकारात घ्यायचंच नाही. कोणाच्या हाती अर्धा दिवस मोकळा असला तर ते करावं.

दुसरं, गुणांतले छोटे फरक खरे मानू नका. १.६ आणि १.५ यांत वरचं कोणतं हे शीट सांगू शकत नाही, कारण आकडा एका पायरीने सरकला की क्रम उलटतो. वाईट अंदाजाचा रकाना नेमकं हेच दाखवतो, तिथे मराठी नाव लॉटच्या पुढे गेलं. खर्चाचे दर मात्र वाईट अंदाजातही सगळ्यांच्या वर राहिले. जे काम दोन्ही रकान्यांत वर राहतं ते बिनधास्त घ्या. जिथे जागा अदलाबदल होते तिथे क्रम तुम्ही ठरवायचा आणि कारण लिहून ठेवायचं. मी लॉटचं काम आधी घेतलं, कारण ते अर्ध्या सीझनमध्ये बदललं असतं तर दुकानांच्या जुन्या नोंदी मिसळल्या असत्या. मराठी नाव कधीही देता आलं असतं.

अडकलेली कामं आणि टीमची ताकद

व्हॉट्सॲपच्या पट्टीला मी पाच दिले होते. टेस्टरने शेतकऱ्यांची खाती उघडून दाखवली, त्यात बऱ्याच ठिकाणी मोबाइल नंबरच नव्हता. नंबर नसेल तर पट्टी पाठवणार कुठे? मग एक छोटं काम पुढे आणलं: माल उतरवतानाच्या नोंदीत नंबर विचारणं. एकट्याचा त्याचा इम्पॅक्ट एकच निघाला असता आणि वरच्या नियमाने ते गळलं असतं. म्हणून जे काम दुसऱ्याचा रस्ता उघडतं त्याला त्या दुसऱ्याचा इम्पॅक्ट द्यायचा. एक काम एकच उसना इम्पॅक्ट घेईल, नाहीतर हळूहळू सगळीच कामं "पाया" म्हणून पाच मागू लागतात.

मागच्या तीन स्प्रिंटमध्ये टीमने दर स्प्रिंटला साधारण नऊच्या आसपास एफर्टचं काम संपवलं होतं. मी आठ धरले, कारण सीझन जवळ आला की फोन वाढतात आणि एक डेव्हलपर त्यात जातो. पहिल्या स्प्रिंटला खर्चाचे दर आणि लॉट, मिळून सात. दुसऱ्यात मराठी नाव, नंबरची नोंद आणि व्हॉट्सॲपचा पहिला तुकडा. तिसरा अर्धाच भरला, उरलेली जागा दुकानांत जाऊन शिकवायला.

नवं कधी द्यायचं हेही इथल्या ऋतूंकडे बघून ठरतं. जुलै-ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की सखल भागातली दुकानं माल वर हलवायला लागतात. त्या दिवसांत नवी स्क्रीन कोणीही शिकणार नाही, म्हणून त्या दोन महिन्यांत आम्ही फक्त दुरुस्त्या देतो.

नाही म्हणायची वेळ

मोबाइल डॅशबोर्ड आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाने मागितला होता. त्यांचा फोन आला, "ताई, माझं काम कुठवर आलं?" मी दुकानात जाऊन त्यांना शीट दाखवली, पूर्ण. उद्देशाची ओळ दाखवली, त्यांच्या कामाचे आकडे आणि "कशावरून" हा रकाना दाखवला. मग विचारलं, "शेठ, डॅशबोर्ड आला तर तुमच्या पट्ट्या किती लवकर निघतील?" ते म्हणाले, "पट्ट्यांचा काय संबंध? मला संध्याकाळी घरी बसून आकडा बघायचाय." त्यांना रोज संध्याकाळी एकूण खरेदी-विक्रीचा एक मेसेज पुरणार होता. ते काम एफर्ट एकचं निघालं आणि मोकळ्या अर्ध्या दिवसात झालं. डॅशबोर्ड यादीत खालीच राहिला.

मागणी नाकारताना आकडा दाखवा, पण आकड्याआड लपू नका. आकडा बदलेल असा पुरावा समोरच्याकडे असेल तर तो तिथेच लिहून घ्या आणि शीटमध्ये बदल करा. उलट, क्रम बघून झाल्यावर आवडतं काम वर यावं म्हणून इम्पॅक्ट तीनाचा पाच होत असेल आणि "कशावरून" रकान्यात नवं काही आलं नसेल, तर ते थांबवा. हे बहुतेक वेळा आपल्याच टीमकडून होतं. आम्ही आकडा बदलला की तारीख आणि कारण टाकतो, बाकी काही बंधन लागलं नाही.

सगळ्या यादीला दर वेळी नव्याने गुण द्यायची गरज नाही. दर स्प्रिंटआधी वरच्या पंधरा ओळी बघा, सीझन संपल्यावर सगळ्या.

काम दिल्यानंतर आकडा तपासणं

फेब्रुवारीच्या अखेरीस त्याच दुकानात त्याच खुर्चीत जाऊन बसले. डिसेंबरमध्ये सौदा साडेतीनला संपून शेवटची पट्टी सहानंतर निघाली होती. या वेळी माल तेव्हापेक्षा जास्त होता, तरी पाचच्या आत दिवाणजींनी चहा मागवला. खर्चाचे दर त्यांनी सकाळी एकदाच भरले होते. त्या कामाला दिलेले इम्पॅक्टचे पाच बरोबर होते.

लॉटचं काम मात्र फसलं होतं. सर्व्हरवर बघितलं तर फार थोडी दुकानं लॉट विभागत होती. दिवाणजी आधीपासून एका लॉटचे "अ" आणि "ब" असे दोन लॉट करून काम भागवत होते, आणि पेट्यांवर खडूनेही तसंच लिहीत होते. स्क्रीनवर एकच लॉट दिसला की गोदामातल्या हमालांना पेट्या जुळवता येत नव्हत्या. डिसेंबरमध्ये त्यांच्या शेजारी बसले तेव्हा मी स्क्रीनकडेच बघत होते, गोदामात गेले नव्हते. शीटमध्ये त्या ओळीसमोर "दिला ८, निघाला ३" असं लिहिलं, आणि पुढच्या स्प्रिंटला विभागलेल्या लॉटच्या पट्टीवर आणि गोदामाच्या यादीत "अ", "ब" छापण्याचं काम घेतलं, एफर्ट एक.